मदत हवी आहे : 'वाचून ठेवले' यात सहायक क्रियापद आहे का?

आठवीच्या मुलीला वाक्यपृथक्करण शिकवताना 'तिने पुस्तक वाचून ठेवले' या वाक्यावर अडले आहे. 'आधीच वाचले' असा अर्थ घेतला, तर 'ठेवले' सहायक आणि दोन्ही मिळून संयुक्त क्रियापद. 'वाचले आणि मग ठेवले' म्हटले, तर 'ठेवले' हेच मुख्य क्रियापद आणि 'वाचून' विधेयविस्तारात जाते.

मधे शब्द घालून पाहिले. 'वाचून कपाटात ठेवले' यात दोन क्रिया स्पष्ट होतात. 'उद्याचा धडा वाचून ठेवला' यात मात्र ठेवण्याची क्रियाच नाही. पण मूळ वाक्य दोन्हीकडे झुकते. वाक्य केवलच आहे, त्याबद्दल शंका नाही.

पुढचे-मागचे वाक्य दिलेले नसेल, तर शालेय व्याकरणाच्या चौकटीत 'वाचून' कुठे लिहायचे?