मदत हवी आहे: पूर्ण संबंध झालाच नाही, तरी दिवस राहू शकतात का?

घाबरलेली_२६
मंगळवार १८, सकाळी १०.०५

नवीन आयडी काढून लिहितेय, समजून घ्या. वय २६, पुण्यात नोकरी. साखरपुडा झालाय, लग्न डिसेंबरात. शनिवारी, म्हणजे १५ तारखेला, रात्री अकराच्या सुमारास आम्ही जवळ आलो. कंडोम नव्हता. आत जायचा प्रयत्न केला, पण मला दुखलं म्हणून थांबलो. गेलंच असेल तर अगदी तोंडाशी. त्याचं वीर्य आत पडलं नाही, याची दोघांनाही खात्री आहे. पण त्याआधी जे पातळ चिकट पाणी येतं ते नक्की लागलं होतं. तो म्हणतो, यातून काही होत नाही. मी तीन रात्री झोपलेले नाही. शेवटची पाळी ३ तारखेला आली. माझी २९ ते ३१ दिवसांनी येते. घरी कुणाला विचारायची सोय नाही. कृपया चेष्टा करू नका.

सह्याद्रीवेडा
१०.२१

शांत झोप. त्या पाण्यात शुक्राणू नसतातच. ते वेगळ्याच ग्रंथीतून येतं, मार्ग ओला करायला. शुक्राणू तयार होतात वृषणात. शिवाय पूर्ण आत गेलं नाही म्हणजे प्रश्नच मिटला. आधी लघवी करून आला असेल तर उरलंसुरलंही धुऊन जातं. आम्ही चार वर्षं असंच निभावलंय.

मिनूची_आई
१०.४०

अगं, घाबरायचं काय त्यात! पहिल्या महिन्यात राहीलच असं नाही. संबंधांनंतर अर्धा तास कुशीवर न वळता पडून राहा, कमरेखाली उशी घे. मला पीसीओडी असून दुसऱ्या वर्षी राहिलं. फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलंस का?

घाबरलेली_२६
१०.४४

ताई, मला *नकोय*.

मिनूची_आई
१०.४६

अय्या, सॉरी. शीर्षक वाचून वाटलं हवंय म्हणून. मोबाईलवर वाचते ना मी.

सिस्टरकाकू
११.०२

मी २८ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, त्यातली निम्मी कुटुंबनियोजनाच्या टेबलाशी. हाच प्रश्न कमीत कमी शंभर पोरींनी खाली मान घालून विचारलाय, त्यामुळे लाजू नकोस.

सह्याद्रीवेडा, तुमचं अर्धं बरोबर आहे. ते पाणी ज्या ग्रंथीत तयार होतं तिथे शुक्राणू बनत नाहीत. पण बाहेर यायची नळी एकच ना! २०११ साली इंग्लंडमधला एक अभ्यास छापून आला. २७ पुरुषांचे नमुने तपासले होते. ११ जणांच्या पाण्यात शुक्राणू सापडले, आणि त्यातल्या १० जणांचे हलणारे, म्हणजे जिवंत होते. त्याआधीच्या काही लहान अभ्यासांत काहीच सापडलं नव्हतं, म्हणून जुन्या पुस्तकांत "नसतात" असं वाचायला मिळतं. गंमत अशी, की ज्यांच्यात होते त्यांच्यात दर वेळी होते आणि ज्यांच्यात नव्हते त्यांच्यात कधीच नव्हते. तुमची चार वर्षं बिनघोर गेली याचा अर्थ तुम्ही कदाचित दुसऱ्या गटातले. हिचा होणारा नवरा कुठल्या गटात आहे ते त्यालाही सांगता येणार नाही. लघवीचं म्हणाल, तर त्या अभ्यासातले पुरुषही मधल्या वेळात लघवी करून आलेले होते.

आता पोरी, तुझा हिशेब. पाळी ३ ला आली, म्हणजे पुढची साधारण १ ते ३ तारखेला. बीज सुटतं ते *पुढच्या* पाळीच्या अंदाजे चौदा दिवस आधी. मागच्या पाळीपासून मोजत बसू नये, तिथेच बायका चुकतात. म्हणजे तुझं बीज १८ ते २० च्या दरम्यान सुटेल. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. १५ ची रात्र त्या पट्ट्यात येते. अगदी कडेला येते, पण येते.

एक विचारते, स्पष्ट सांग. काल-आज खाली अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, तार येणारं काही दिसतंय का?

घाबरलेली_२६
११.०९

हो. कालपासून. मला वाटलं इन्फेक्शन झालं.

सिस्टरकाकू
११.२०

इन्फेक्शन नाही, बीज सुटायची वेळ जवळ आल्याची ती खूण. नेमका याच दिवसांत शुक्राणूंना आतला रस्ता सोपा होतो.

म्हणून सांगते. तुझ्या बाबतीत शक्यता कमीच आहे, पण शून्य म्हणणार नाही. आणि तुझ्या हातात अजून वेळ आहे. शनिवारी रात्री ११ पासून आत्ता साठ तास झाले. मेडिकलमध्ये लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅमची एक गोळी मिळते, चिठ्ठी लागत नाही. ७२ तासांच्या आत घ्यायची म्हणजे आज रात्री ११ ची वेळ, पण तेवढं थांबू नकोस, आत्ताच जा. ही गोळी बीज सुटणं पुढे ढकलते. सुटून गेलं की तिचा उपयोग जवळजवळ नाही. तुझं बहुधा अजून सुटलेलं नाही, म्हणून घाई.

तिच्याहून खात्रीचा उपाय तांबी. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून बसवून घेता येते, म्हणजे २० च्या रात्रीपर्यंत. पण शनिवारी दुखलं म्हणालीस, तर तुला तो जड जाईल, मला कल्पना आहे.

वजन ७० किलोच्या वर आहे का? असेल तर गोळीचा भरवसा कमी होतो, मग तांबीचा विचार कर. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी लागते.

घाबरलेली_२६
११.२६

वजन ५४. जाते.

शंकासूर
११.५०

काकू, एवढ्याशा कारणासाठी हार्मोनची एवढी मोठी गोळी? मी फार्मसीला आहे म्हणून विचारतो. तोंडाशी लागलेलं थेंबभर पाणी, त्यात शुक्राणू असले तरी थोडेच. मी असतो तर वाट बघितली असती.

सिस्टरकाकू
१२.१५

तुमचंही चूक नाही. पाळीच्या चौथ्या-पाचव्या दिवशीची गोष्ट असती तर मीही "राहू दे" म्हटलं असतं. इथे दिवस वाईट आहेत आणि पोरगी तीन रात्री जागी आहे. एकदा घेतलेल्या गोळीने कायमचं काही बिघडत नाही. दर महिन्याला घेऊ लागली तर मात्र मी रागावेन, पाळीचं वेळापत्रक विस्कटतं.

दुर्वा_कोल्हापूर
दुपारी २.३०

"पूर्ण आत गेलं नाही म्हणजे प्रश्नच मिटला" हे वाचून गप्प बसवेना. माझी मुलगी तशीच झालीय.

लग्नानंतर अडीच वर्षं आमचा पूर्ण संबंध होऊच शकला नाही. माझे स्नायू आपोआप घट्ट आवळायचे, बोटही सहन व्हायचं नाही. पुढे कळलं की याला नाव आहे, व्हजायनिस्मस. बाहेरच्या बाहेर जे काही असायचं तेवढंच. एका महिन्यात पाळी चुकली. मी किट आणायलाही तयार नव्हते, कारण "आमचं तर काहीच झालेलं नाही". ओपीडीतल्या डॉक्टरबाईंनी दोनदा विचारलं, नक्की? सोनोग्राफीत ठोके दिसले तेव्हा नवरा आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. सासूबाईंना आजही माहीत नाही.

आमच्या वेळी वीर्य तोंडाशीच पडलं होतं, ते मान्य. हिच्यासारखं नुसतं पाणी नव्हतं. पण आत जावंच लागतं, पडदा फाटावाच लागतो, असं काही नाही. पाळीचं रक्त ज्या वाटेने बाहेर येतं त्याच वाटेने शुक्राणू आत जातात.

सह्याद्रीवेडा
३.०५

ताई, हे माहीत नव्हतं. मागे घेतो. पण मग कपड्यावरून? हाताला लागलेलं? टॉवेल? तसं बघितलं तर माणसाने घराबाहेरच पडू नये.

सिस्टरकाकू
३.४०

कपड्यावरून नाही. टॉवेलवर, संडासाच्या सीटवर वाळलं की शुक्राणू मेले. हाताला ताजं, ओलं लागलेलं लगेच योनीत गेलं तर कागदावर शक्य म्हणायचं, प्रत्यक्षात मी एकही केस पाहिली नाही. दुर्वाच्या प्रकारातल्या दोन पाहिल्या. निव्वळ पाण्याने राहिलेली नक्की कुठली, ते मला सांगता येत नाही. "बाहेर काढलं होतं, तरी राहिलं" म्हणून आलेल्या भरपूर, पण तिथे आधीच्या पाण्याने राहिलं की काढायला क्षणभर उशीर झाला, हे कोण सांगणार? पुरुषालाही ते कळत नाही. वर्षभर याच पद्धतीवर राहणाऱ्या शंभर जोडप्यांत साधारण वीस जणींना दिवस राहतात, एवढं मात्र पक्कं.

घाबरलेली_२६
४.१०

दुपारी बाराच्या आधी गोळी घेतली. मळमळतंय, उलटी नाही. दुकानदाराने कागदात गुंडाळताना दोनदा माझ्याकडे बघितलं, बाकी काही नाही.

घाबरलेली_२६
सोमवार २४, रात्री ९.१५

पाळी आली!! थोडीच आहे, तपकिरी, पण आली. आता सुटले ना?

मिनूची_आई
९.२०

सुटलीस गं बाई. गोडाचं कर काहीतरी.

सिस्टरकाकू
९.५५

गोड थांबव. ही पाळी नाही. गोळीनंतर आठवडाभरात असे डाग जातात, हार्मोनची पातळी उतरते म्हणून. यावरून राहिलं की नाही राहिलं, काहीच ठरत नाही. हीच पाळी समजून बायका पुढचा हिशेब इथून सुरू करतात आणि किट करतच नाहीत. मग तिसऱ्या महिन्यात माझ्या टेबलाशी.

तुझ्यासाठी तारीख ५. त्या रात्रीपासून २१ दिवस. सकाळची पहिली लघवी घे. किटवर तीन थेंब सांगितलेत तर तीनच, आणि कागदावर दिलेल्या वेळेत वाच. अर्ध्या तासाने पुन्हा उचलून बघितलंस तर वाळल्याची पुसट रेघ दिसेल आणि उगाच रडशील. आत्ता, २४ ला, करू नकोस. राहिलं असलं तरी किटला कळणार नाही, आणि "नाही" आलं म्हणून तू गाफील राहशील.

घाबरलेली_२६
५ तारीख, सकाळी ६.४०

एकच रेघ. पण पाळी अजून नाही. १ ते ३ ला यायला हवी होती.

सिस्टरकाकू
७.३०

एकवीस दिवस झाल्यावर एकच रेघ म्हणजे नाही, असं धरून चाल. गोळीने बीज पुढे ढकललं असेल तर पाळीही पुढे जाणारच, आठवडाभर इकडेतिकडे चालतं. १० पर्यंत आली नाही तर पुन्हा किट, आणि डॉक्टरांना दाखव. मधेच पोटात एका बाजूला जोराची कळ आली तर १० ची वाट बघू नकोस. आणि गोळीनंतर पुन्हा असं काही झालं असेल तर हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. झालंय का?

घाबरलेली_२६
७.३४

नाही. आता कंडोमचं पाकीट त्याच्याकडे नाही, माझ्या पर्समध्ये असतं.

घाबरलेली_२६
८ तारीख, संध्याकाळी ७.१०

आज दुपारी आली, ऑफिसात. लालभडक, कंबर मोडतेय, नेहमीसारखीच.

दुर्वाताई, ते दुखायचं तुम्ही कुणाला दाखवलंत? मला दर वेळी असंच होतं. मी लाजेचं समजत होते.

दुर्वा_कोल्हापूर
७.५०

व्यनि केलाय. लग्नाआधीच दाखव, थांबू नकोस.