आधारकाल बदलला की तापमानाचा आलेख सौम्य का दिसतो?

रंकाळाकाठ
भाचीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी भारताच्या वार्षिक सरासरी तापमानाचा आलेख तयार करतो आहे. हवामान खात्याच्या जुन्या निवेदनात २०१६ हे वर्ष सरासरीपेक्षा ०.७१ अंशांनी उष्ण म्हटले आहे, तर नव्या निवेदनात तेच वर्ष ०.५४ अंशांनी. २०२३ साठी जाहीर झालेला आकडा ०.६५ होता आणि २०२४ साठीचाही ०.६५. यांतला कोणता आकडा घ्यावा? आणि सरासरीचा काळ बदलून आलेख भडक किंवा सौम्य करता येत असेल, तर त्यावर विश्वास का ठेवायचा?

पेठेतला हिशेबनीस
आपली शंका रास्त आहे. माझे आयुष्य बँकेत गेले आणि निर्देशांकाचे आधारवर्ष बदलल्यावर महागाईचे आकडे कसे रूप पालटतात हे मी अनेकदा पाहिले आहे. इथेही तोच प्रकार दिसतो. २०२४ या एकाच वर्षाविषयी युरोपची कोपर्निकस संस्था सांगते की जग १८५०–१९०० च्या तुलनेत १.६० अंशांनी तापले. नासा १९५१–१९८० शी तुलना करून १.२८ सांगते, आणि १९९१–२०२० धरले तर कोपर्निकसचाच आकडा ०.७२ वर येतो. वर्तमानपत्राच्या मथळ्यात मात्र नेहमी सर्वांत मोठा आकडा झळकतो. ज्याला घाबरवायचे असेल त्याने जुना काळ घ्यावा, ज्याला झाकायचे असेल त्याने नवा घ्यावा, असाच याचा अर्थ होतो.

आकडेमोड
हिशेबनीसकाकांनी दिलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत, परंतु निर्देशांकाची उपमा इथे बसत नाही. निर्देशांकात आधारवर्षाच्या किमतीने भागावे लागते, त्यामुळे सगळे आकडे ताणले किंवा आक्रसले जातात. तापमानाच्या विचलनात, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकात, भागाकार नसतो, केवळ वजाबाकी असते.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ४५ फुटांवर असताना एक बातमीदार "इशारा पातळीच्या सहा फूट वर" असे लिहील आणि दुसरा "धोका पातळीच्या दोन फूट वर" असे लिहील. दोघेही खरेच सांगत असतात. रात्रीतून पाणी तीन फूट चढले, तर पहिल्याचा आकडा नऊ होईल आणि दुसऱ्याचा पाच, म्हणजे चढ दोघांच्याही हिशेबात तीनच फुटांचा राहील.

रंकाळाकाठ, आपल्या आकड्यांचे तेच झाले आहे. २०१६ चे ०.७१ हे १९८१–२०१० च्या सरासरीवरून मोजले होते आणि ०.५४ हे १९९१–२०२० च्या सरासरीवरून. नंतरची तीस वर्षे अधिक उष्ण असल्यामुळे शून्यरेषा सुमारे ०.१७ ने वर सरकली आणि २०१६ चा आकडा तेवढाच खाली आला. २०२३ चे ०.६५ जुन्या रेषेवरचे आहे, २०२४ चे नव्या रेषेवरचे. हे दोन सारखे आकडे शेजारी ठेवून "वर्षभरात काही फरक पडला नाही" असे म्हणणे म्हणजे इशारा पातळीच्या वरचे फूट आणि धोका पातळीच्या वरचे फूट एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे आहे. २०२३ चा आकडा नव्या रेषेवर आणला तर तो ०.४८ च्या आसपास येतो, तोही मूळ नोंदी तशाच राहिल्या असतील तर.

ही शेवटची अट महत्त्वाची आहे. केवळ आधारकाल बदलला असेल, तर प्रत्येक वर्षाचा आकडा सारख्याच प्रमाणात सरकायला हवा. २००९ हे वर्ष ०.५५ वरून ०.४० वर आले, म्हणजे ०.१५ ने, तर २०१६ हे ०.१७ ने. एवढा फरक दशांश पूर्ण करताना पडू शकतो. दोन निवेदने शेजारी ठेवल्यावर एखादे वर्ष यापेक्षा बरेच जास्त सरकलेले दिसले, तर त्या वर्षाच्या नोंदीच मागाहून दुरुस्त झाल्या आहेत असे समजावे. म्हणून भाचीने जुन्या-नव्या निवेदनांतून आकडे वेचून आलेख करू नये. सगळी वर्षे एकाच मालिकेतून घ्यावीत.

उतारमोज
मग वाद संपलाच. चढ बदलत नाही, तर आधारकाल कोणताही घ्या, काय बिघडते? हिशेबनीसकाका उगीचच कट शोधत आहेत. जुन्या नोंदींच्या अचूकतेवरून कोणी शंका काढली, तर तिचेही उत्तर यातच आहे: सरासरी थोडी चुकली तरी सगळी रेषा एकत्र वर-खाली होईल, आणि गेल्या पन्नास वर्षांतला चढ आहे तसाच राहील.

पेठेतला हिशेबनीस
कट हा शब्द आपण वापरलात, मी नव्हे. वजाबाकीचा मुद्दा मला मान्य आहे. पण पाहणारा माणूस वजाबाकी पाहत नाही, चित्र पाहतो. त्याचे काय?

शिरोळची रोपवाटिका
आमची ऊसरोपांची वाटिका आहे आणि २०१६ च्या उन्हाळ्यात रोपे करपली, तेव्हापासून मी शेडमधल्या तापमापकाची दुपारची नोंद वहीत ठेवतो. त्या पहिल्या उन्हाळ्याशी ताडून पाहिले, तर पुढचे बहुतेक उन्हाळे कमीच निघतात. मग तापमान वाढते आहे, हे मी कशावरून मानावे? माझ्या वहीत तर ते उतरताना दिसते.

आकडेमोड
दादा, आपली नोंद मोलाची आहे, पण आपला आधारकाल एकाच उन्हाळ्याचा आहे आणि तोही रोपे करपवणारा. देशाच्या नोंदींतही २०१६ हे वर्ष २०२४ येईपर्यंत सर्वांत उष्ण होते. त्याच्याशी ताडलेली जवळपास प्रत्येक गोष्ट उणेच निघणार. तीस वर्षांची सरासरी घेण्याचा रिवाज यासाठीच आहे, की एखादे एल निन्योचे वर्ष किंवा एखादा अवकाळी पावसाचा मे महिना शून्यरेषेला आपल्याकडे ओढून नेऊ नये. आपण २०१६ ला शून्य न धरता वहीतले मूळ आकडेच कागदावर मांडा आणि पहिले वर्ष झाकून पाहा. चित्र बदलले, तर दिसणारा उतार त्या एका वर्षाचाच होता. शेडचे कापड मध्ये बदलले असल्यास त्याची तारीखही लिहून ठेवा.

उतारमोज, आपले गणित बरोबर आहे, पण "काय बिघडते" हे म्हणणे अपुरे आहे. चढ तोच राहतो हे रेषेच्या आलेखाला लागू आहे. भाचीने उभ्या पट्ट्यांचा आलेख केला, तर पट्टी शून्यरेषेतून निघते आणि डोळा तिची लांबी मोजतो. २०२४ ची पट्टी १.६० ची काढली तर ती ०.७२ च्या पट्टीच्या दुपटीहून उंच होते, ऊन मात्र तेवढेच असते. त्यातच शून्याच्या वर लाल आणि खाली निळा रंग दिला, की १९९१–२०२० धरल्यावर नव्वदीतली बरीच वर्षे निळी दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते की तेव्हा थंडी होती. १८५०–१९०० धरले, तर तीच वर्षे लाल होतात. काकांची तक्रार इथे खरी ठरते.

हिशेबनीसकाकांच्या आकड्यांत आणखी एक खाच आहे. कोपर्निकसची मूळ मालिका १९४० पासून सुरू होते, १८५० पासून नव्हे. १८५०–१९०० आणि १९९१–२०२० यांमधले ०.८८ अंशांचे अंतर इतर संस्थांच्या जुन्या नोंदींवरून अंदाजून त्यात मिळवलेले आहे. त्या काळी तापमापक थोडे होते आणि समुद्रावरच्या नोंदी जहाजांच्या वाटांपुरत्याच होत्या. त्यामुळे १.६० मध्ये ०.७२ पेक्षा अनिश्चितता अधिक आहे, आणि पॅरिस करारातली दीड अंशाची मर्यादा ओलांडली की नाही या वादात तिला महत्त्व येते.

उतारमोज
पट्ट्यांचा मुद्दा मान्य. पण तो चित्रकाराचा दोष झाला. रेषा काढा आणि आधारकाल ठळक लिहा, एवढे केले की आधारकालाने प्रत्यक्षात काहीच बदलत नाही.

आकडेमोड
बदलते. उष्णतेच्या लाटेची घोषणा घ्या. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश असावे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक असावे, असा हवामान खात्याचा निकष आहे. समजा, एखाद्या केंद्राची एप्रिलमधल्या एका तारखेची जुनी सरासरी ३७.० होती आणि नवी ३७.४ झाली. त्या दिवशी पारा ४१.६ वर गेला. जुन्या हिशेबाने विचलन ४.६, म्हणजे निकष पूर्ण होतो. नव्या हिशेबाने ४.२, म्हणजे होत नाही. ऊन तेच, शेतातला मजूर तोच, पण नोंदवहीत एक दिवस कमी लागला. असे दिवस मोजून "लाटांचे दिवस" असा आलेख कोणी केला आणि सरासरी मध्येच बदलली असेल, तर त्या आलेखाचा चढ खरोखरच बदलतो. पंचगंगेची धोका पातळी उद्या ४४ फूट केली, तर पाणी तेवढेच असूनही चिखलीतल्या लोकांना निघायचा निरोप उशिरा मिळेल, तसाच हा प्रकार आहे. याला अपवाद कमाल तापमान ४५ अंशांवर गेले की लाट धरावी या दुसऱ्या निकषाचा, कारण तो सरासरीकडे पाहतच नाही.

पेठेतला हिशेबनीस
म्हणजे मूळ शंका अगदीच वावगी नव्हती. मग सरकती सरासरी ठेवायचीच कशाला? १९६१–१९९० कायमची ठरवून टाकावी.

शिरोळची रोपवाटिका
काका, मला ते पटत नाही. मला रोपांवर कापड ओढायचे की नाही हे ठरवायचे असते, तेव्हा माझ्या आजोबांच्या काळाशी तुलना करून काय उपयोग? आजकाल या आठवड्यात नेहमी किती ऊन असते, तेच मला हवे. रोज "सरासरीपेक्षा जास्त" असेच ऐकू येऊ लागले, तर मी ते ऐकणे सोडून देईन.

आकडेमोड
जागतिक हवामान संघटनेने दोन्ही ठेवले आहे. दैनंदिन वापरासाठी दर दहा वर्षांनी पुढे सरकणारी तीस वर्षे, आता १९९१–२०२०. आणि दीर्घकालीन बदल मोजण्यासाठी १९६१–१९९० तशीच राखलेली. घोटाळा होतो तो एका कामाची सरासरी दुसऱ्या कामाला वापरल्यावर. लाटेची घोषणा यांतल्या कोणत्या कामात बसते, यावर मात्र माझे मत पक्के नाही. शरीराला नेहमीपेक्षा किती जास्त हे कळते असे मानले, तर सरकती सरासरी योग्य ठरते. पण गाळपाच्या शेवटी शेवटी दुपारी ऊस तोडणाऱ्या माणसाचे शरीर दर दहा वर्षांनी नव्या उन्हाला सरावते, असे मानायला मी तयार नाही.

उतारमोज
सरावते की नाही हा वैद्यकाचा प्रश्न आहे, आलेखाचा नव्हे.

पेठेतला हिशेबनीस
निकषात सरासरी घातली, तेव्हाच तो आलेखाचा प्रश्न झाला.

रंकाळाकाठ
सर्वांचे आभार. भाचीने असे ठरवले आहे की नव्या निवेदनातली एकच मालिका घ्यायची, पट्ट्या न काढता रेषा काढायची, आणि शून्यरेषेवर "१९९१–२०२० ची सरासरी" असे मराठीत लिहायचे. शेजारी त्याच रेषेची दुसरी प्रत १९६१–१९९० ची शून्यरेषा घेऊन लावणार आहे. मात्र त्या तीस वर्षांची सरासरी आम्हालाच त्या मालिकेतून काढावी लागेल. ती काढताना वार्षिक आकड्यांची सरासरी पुरेल, की प्रत्येक महिन्याची वेगळी काढावी लागेल?

आकडेमोड
वार्षिक आलेखासाठी वार्षिक आकडे पुरतील. त्या तीस वर्षांच्या विचलनांची सरासरी काढा आणि ती प्रत्येक वर्षातून वजा करा. महिन्यांचा आलेख करायचा झाला तर मात्र बारा सरासऱ्या वेगवेगळ्या काढाव्या लागतील, कारण फेब्रुवारीची शून्यरेषा जेवढी सरकेल तेवढीच जुलैची सरकेल असे नाही. दोन्ही प्रतींवर उभ्या अक्षाची मापे सारखीच ठेवा. ती वेगळी झाली तर सगळी मेहनत वाया जाईल.