सात टक्क्यांची एफडी: कर आणि महागाई वजा जाता हाती काय?

नवखा_ठेवीदार: १० लाखांची एफडी केली आहे, व्याज ७ टक्के. मी ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये येतो. भाऊ म्हणतो, महागाई ५ टक्के धरली तरी २ टक्के खरा नफा सुटतो. मित्र म्हणतो, उलट तोटाच आहे. कोणाचं खरं?

हिशेबी: तुमच्यापुरतं मित्राचं खरं. सोपं पडावं म्हणून व्याज वर्षातून एकदाच जमा होतं असं धरू. वर्षाचं व्याज ७०,०००. त्यावर ३० टक्के कर आणि करावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. २१,८४० गेले, ४८,१६० उरले. तुमच्याकडे झाले १०,४८,१६०. आता आज १० लाखांत जेवढ्या वस्तू येतात, तेवढ्याच घ्यायला वर्षाने १०,५०,००० लागणार. १,८४० कमी पडले. तिमाही चक्रवाढ असेल तर व्याज थोडं जास्त मिळतं आणि हिशेब जवळजवळ शून्यावर येतो. पण भावाचे दोन टक्के कुठेच सापडत नाहीत.

मूळ दुखणं असं आहे: त्या ७०,००० मधले ५०,००० ही कमाई नाहीच, ती मुद्दलाची झीज भरून काढणारी रक्कम आहे. आयकर खातं मात्र झीजभरपाई आणि कमाई असा फरक करत नाही, पूर्ण ७०,००० वर कर घेतं.

बँकेवर_विश्वास: मला हे पटत नाही. बँक टीडीएस १० टक्केच कापते. म्हणजे ७,००० गेले, ६३,००० हातात. महागाईचे ५०,००० वजा केले तरी १३,००० सुटतात. उगाच लोकांना घाबरवू नका.

हिशेबी: टीडीएस ही करातली उचल असते, पूर्ण कर नव्हे. रिटर्न भरताना उरलेले १४,८४० भरावेच लागतात. खात्यातून दोन वेगवेगळ्या वेळी पैसे जातात, म्हणून ते एकत्र मनात येत नाहीत, एवढंच.

यातच लोक आणखी एका ठिकाणी अडकतात. व्याज मुदतीअखेर एकदम मिळणारी पाच वर्षांची एफडी असली की बरेच जण ते व्याज पाचव्या वर्षी दाखवायचं ठरवतात. बँक मात्र दर वर्षी जमा धरलेलं व्याज आयकर खात्याला कळवते आणि ते तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसतं. रिटर्नमध्ये नाही आणि तिथे आहे, अशी तफावत निघाली की नोटीस येते. रिटर्न भरण्याआधी एआयएस उघडून व्याजाचा आकडा ताडून बघा.

बँकेवर_विश्वास: टीडीएसचं मान्य. पण सगळेच ३० टक्क्यांत नसतात ना? माझ्या आईचं सगळं उत्पन्न मिळून सहा-साडेसहा लाख. नव्या करप्रणालीत तिला कर शून्य. तिला त्याच एफडीवर पूर्ण ७०,००० मिळतात, महागाई जाऊन २०,००० खरे उरतात. एफडी वाईट असं सरसकट म्हणणं चूक आहे, मी तेच सांगतोय.

हिशेबी: हे शंभर टक्के बरोबर, आणि मी सरसकट म्हटलंही नाही. बँकेच्या फलकावरचा दर सगळ्यांना सारखा, खरा परतावा माणसागणिक वेगळा.

पेन्शनर_काकू: माझंच सांगते, कारण मला याची झळ बसली आहे. २०२५-२६ साठी माझं पेन्शन, प्रमाणित वजावट जाऊन, बरोबर १२ लाखांच्या काठावर होतं. कर शून्य, म्हणून निर्धास्त होते. त्यात एफडीचं ७०,००० व्याज मिळालं आणि उत्पन्न १२,७०,००० झालं. कर निघाला ७०,०००, वर २,८०० सेस. म्हणजे व्याज सगळं गेलं आणि वर पदरचे भरावे लागले. सीएने दोनदा मोजून दाखवलं तेव्हा कुठे विश्वास बसला.

हिशेबी: काकू, तुमच्या सीएने बरोबर मोजलं आहे. १२ लाखांपर्यंत रिबेटमुळे कर शून्य होतो. त्यापुढे गेलात की स्लॅबने कर ७०,५०० येतो, पण जेवढं उत्पन्न १२ लाखांच्या वर, त्यापेक्षा कर जास्त नको म्हणून तो ७०,००० वर थांबवतात. त्या पट्ट्यातला प्रत्येक वरचा रुपया करातच जातो. म्हणून एफडीवरचा कर सरासरीने मोजू नये. व्याज नसतं तर कर किती आणि व्याज धरून किती, दोन्ही काढा, त्यातला फरक हा त्या एफडीचा कर.

घाईत_आहे: मग ८ टक्के देणारी बँक कोणती ते सांगा ना, प्रश्नच मिटेल.

हिशेबी: प्रश्न कुठल्या बँकेचा नाही. दर वाढल्याने काय होतं तेवढं सांगतो. समजा दर १० झाला आणि महागाई ८. अंतर तेच दोन टक्क्यांचं. पण कर जाऊन हातात ६.८८ टक्के, म्हणजे महागाईच्या एक टक्क्याहून जास्त मागे. दर ५ आणि महागाई ३ असेल तर हातात ३.४४, म्हणजे थोडे पुढे. ३० टक्के स्लॅबवाल्याला महागाई ५ असताना नुसतं बरोबरीत राहायला सव्वासात टक्क्यांच्या वर दर लागतो. आणि जास्त दरासाठी लहान बँकेत जात असाल तर विमा एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे, हे लक्षात असू द्या.

पेन्शनर_काकू: पण आम्ही व्याजावर जगतो. मुद्दलाला हात लावत नाही, मग आमचं काय कमी होतं?

हिशेबी: काकू, इथेच सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठं नुकसान होतं. पासबुकात १० लाख तसेच दिसतात. पण व्याज पूर्ण खर्च केलं आणि महागाई ५ टक्के राहिली, तर दहा वर्षांनी त्या १० लाखांत आजच्या हिशेबाने सव्वासहा लाखांचीही खरेदी होत नाही. व्याजही ७०,००० च राहतं, तेवढ्याच प्रमाणात आटतं. मुद्दल टिकवायचं असेल तर दर वर्षी महागाईएवढं व्याज परत ठेवीत घालावं लागतं. ७०,००० पूर्ण हातात येणाऱ्या माणसाने त्यातले २०,००० च खर्च करावेत.

बँकेवर_विश्वास: वीस हजारांत कोण जगतं? म्हातारपणी मुद्दल थोडं थोडं झिजणारच, ते झिजण्यासाठीच साठवलेलं असतं. एफडीचं काम वाढणं नाही, ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम देणं. दोन वर्षांनी फी भरायची असेल तर १,८४० चा तोटा मी आनंदाने सोसेन.

हिशेबी: दोन वर्षांच्या पैशासाठी मीही एफडीच करतो. वीस वर्षांच्या पैशासाठी नाही. मुद्दल झिजवायलाही हरकत नाही, पण ते झिजतंय हे माहीत असायला हवं. काकूंना ते माहीत नव्हतं.

नवखा_ठेवीदार: एक राहिलं. ५ टक्के कुठून आणले? रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य तर ४ आहे. आणि माझ्या घरखर्चाची वही म्हणते ९.

हिशेबी: लक्ष्य ४, दोन्हीकडे दोनची मुभा. ५ मी सावधपणे धरले. ४ धरले तर तुम्हाला पाऊण टक्क्याच्या आसपास नफा दिसेल. वहीतले ९ मात्र तसेच घेऊ नका. खर्च वाढला तो भाव वाढल्याने की वस्तू वाढल्याने, हे आधी वेगळं करा. नवा फोन ही महागाई नव्हे.

पेन्शनर_काकू: आमच्या वहीत नवा फोन नाही. औषधं आहेत, आणि ती त्याच गोळ्या, तेवढ्याच संख्येने. आमच्यासाठी ५ कमीच आहेत.

हिशेबी: तुमच्यासाठी कमी असतील, हे मला नाकारता येत नाही. वही असेल तर त्याच गोळ्यांचे दोन वर्षांचे भाव शेजारी लिहून बघा आणि तो दर धरून हिशेब करा.