२० संगणकांऐवजी एक सर्व्हर: लॅबसाठी हे योग्य आहे का?

अंतिम_वर्ष_यवतमाळ:
प्रकल्प अहवालाचा सारांश देतो. तालुक्याच्या कॉलेजच्या लॅबमधले २० जुने संगणक बदलण्याऐवजी एक सर्व्हर घेतला: १६ कोर, ६४ जीबी रॅम, ७२०० आरपीएमच्या दोन हार्ड डिस्क मिरर करून. त्यावर प्रॉक्समॉक्स आणि झुबुंटूचे २० गेस्ट, प्रत्येकी २ जीबी रॅम. जुने संगणक आता नेटवर्कवरून बूट होऊन आरडीपीने आपापल्या गेस्टला जोडले जातात. निष्कर्ष: वीज वाचली, देखभाल एका जागी आली. अडचण: सकाळी सगळे गेस्ट एकदम सुरू झाले की लॉगिन यायला दहा-दहा मिनिटं लागतात. आणखी ६४ जीबी रॅम घ्यावी अशी शिफारस केली आहे. चर्चा व्हावी.

वर्धेकर:
शिफारस बरोबर आहे. रॅम वाढवा आणि केएसएम चालू ठेवा. सगळ्या गेस्टमध्ये सारखीच पानं असतात, ती एकत्र होतात. रॅम भरपूर असली की मशीन पळते.

सिसअ‍ॅडमिन_नागपूर:
रॅमचा हिशेब करून पाहा. २० × २ = ४० जीबी. होस्टला ४ जीबी धरली तरी २० जीबी रिकामीच आहे. अडते ते डिस्कवर. ७२००ची एक हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० विखुरलेली वाचनं करते, मिररमध्ये दोन्ही मिळून २००. ती २० जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला दहा येतात. बूट म्हणजे हजारो लहान फाइली वाचणं, त्यामुळे दहा मिनिटं लागणारच. सकाळी होस्टवर हे चालवा:

```
iostat -x 2
```

`%util` शंभराला टेकलेलं आणि `r_await` शेकडो मिलिसेकंद दिसलं, तर दोष डिस्कचाच. केएसएममुळे रॅम वाचते, डिस्कवरचं ओझं कमी होत नाही.

वर्धेकरांचं अर्धं खरं आहे. रॅम कॅशे म्हणून मदत करते, पण त्यासाठी गेस्ट एकाच टेम्प्लेटचे लिंक्ड क्लोन हवेत, डिस्क qcow2 हवी आणि कॅशे `writeback` हवा. प्रॉक्समॉक्समध्ये मुळात तो `none` असतो, म्हणजे होस्टची रॅम मधे येतच नाही. फुल क्लोन केले असतील तर २० वेगवेगळ्या प्रती, सामाईक काहीच नाही. रॅमच्या पैशात साटा एसएसडी घ्या. ती येईपर्यंत गेस्ट एकामागून एक उठवा:

```
qm set 101 --onboot 1 --startup order=1,up=20
```

पुढच्यांना order=2, 3 असं देत जा.

गुरुजी_घाटंजी:
आमच्याकडे इंटरनेट दिवसातून चारदा जाते. मग ही लॅब बंदच की!

सिसअ‍ॅडमिन_नागपूर:
नाही सर, सगळं लॅबच्या स्विचवरच चालतं. इंटरनेटचा संबंध नाही.

लॅब_सहायक:
वीज वाचली कशी म्हणे? जुने डबे चालूच आहेत ना भाऊ. हार्ड डिस्क काढल्यानं डब्यामागे पाच-सहा वॅट कमी झाले असतील, २० डब्यांचे शंभर-सव्वाशे. तेवढे तर सर्व्हर एकटा खातो. पाच-सहा वॅटचे छोटे बोर्ड बसवले असते तर गोष्ट वेगळी. ते वाक्य अहवालातून काढा, नाहीतर परीक्षक तिथेच धरतील.

दारव्हेकर:
वीज वाचत नाही हे मान्य. पण आपल्याकडचा खरा फायदा लाइन जाते तेव्हा दिसतो. सर्व्हर यूपीएसवर असेल तर पोराचा डबा बंद पडतो, गेस्ट चालूच राहतो. लाइन आली की पुन्हा जोडायचं, अर्धवट प्रोग्राम तिथेच उघडा सापडतो. फक्त एक बघा: xrdp मध्ये दुसऱ्या वेळी रंगाची खोली वेगळी गेली, म्हणजे आधी २४ बिट आणि आता १६, तर नवं सेशन उघडतं आणि पोरगं म्हणतं "सर, सगळं उडालं". सगळ्या क्लायंटवर एकच सेटिंग ठेवा. आणि यूपीएसची बॅटरी पार संपू देऊ नका. गेस्ट आपणहून बंद व्हायला प्रॉक्समॉक्स प्रत्येकाला मुळात १८० सेकंद देतं, वेगवेगळ्या order मुळे ते एकामागून एक बंद होतात, म्हणून सगळ्यांना पुरेल एवढी सवड राखून बंद करायची आज्ञा गेली पाहिजे.

लॅब_सहायक:
अन् मदरबोर्ड गेला तर? आधी एक संगणक बिघडला की एक पोरगं बसून राही, आता वीसच्या वीस. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी नागपूरहून पार्ट येईपर्यंत काय करायचं? वरून मे महिन्यात खोली ४५च्या वर जाते. बहुतेक सर्व्हर ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. एसी लावला की त्याची वीज कोणाच्या हिशेबात?

सिसअ‍ॅडमिन_नागपूर:
एसीचं उत्तर माझ्याकडे नाही, तो खर्च मांडावाच लागेल. मदरबोर्डसाठी रोज रात्री vzdump चा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. पण तो चालवायला दुसरी मशीन लागते आणि सारांशात तिचा पत्ता नाही.

वर्धेकर:
चार-पाच जुन्या डब्यांत हार्ड डिस्क परत बसवून झुबुंटू तयार ठेवा. परीक्षा पाळीपाळीनं होईल.

लॅब_सहायक:
पाच डब्यांवर २० पोरं म्हणजे चार पाळ्या. बाहेरचे परीक्षक थांबतील का, ते आधी विचारा.