विषय: नाशिकला आईच्या मांजराचा डोळा, कोणाला अनुभव आहे का?

प्रेषक: मृणाल
शुक्रवार, सकाळी ८.१०

नमस्कार मंडळी,

दिवाळी फराळाच्या ऑर्डरींच्या धाग्यात घुसत नाही, म्हणून वेगळा मेल टाकतेय. आई-बाबा नाशिकला इंदिरानगरला असतात. त्यांचं मांजर, चिकू, कालपासून डावा डोळा उघडतच नाही. आत्ता व्हिडिओ कॉलवर बघितलं तर डोळा किलकिला, पाणी गळतंय, आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्धा वर आलाय. सकाळी पाणी स्वच्छ होतं, आता चिपडं पिवळट झालीत. दुसरा डोळा ठणठणीत. खातो थोडं, पण पलंगाखाली जाऊन बसतो.

बाबांचं म्हणणं, डोळे आलेत. २०२३ च्या साथीत बाबांचे स्वतःचे डोळे आले होते, तेव्हा गुण आलेल्या ड्रॉप्सची नवी बाटली मेडिकलमधून आणली आणि सकाळपासून दोनदा घातलीय. कोपऱ्यावरचा प्राण्यांचा डॉक्टर म्हणे सोमवारी भेटेल. तोवर हेच चालू ठेवू का?

मृणाल

---

प्रेषक: शिरीष
शुक्रवार, सकाळी ८.३२

मृणाल, घाबरू नकोस. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात पाच-सहा मांजरं असायची, दर पावसाळ्यात सगळ्यांचे डोळे यायचे. आजी कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळा पुसायची, चार दिवसांत आपोआप जायचं. आईला सांग, गुलाबपाण्याचे दोन थेंब आणि स्वच्छ कापूस. सोमवारपर्यंत बरा होईल. बाबांनी औषध आणलंय तेही उत्तम, अँटिबायोटिकच असणार.

शिरीषकाका

---

प्रेषक: वसुधा
शुक्रवार, सकाळी ८.५०

मृणाल, आपल्याकडे सकाळ असली तरी नाशिकला आता संध्याकाळचे साडेसहा होत आलेत. आधी बाबांना फोन कर आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला सांग. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यातलं कुठलंही स्टिरॉइड असेल तर ती बाटली आत्ता बंद. केटोरोलॅक असेल तरी बंद. माणसांच्या साथीत बरेच डॉक्टर अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले ड्रॉप्स लिहून देतात, लाली झटकन उतरते म्हणून. मांजराच्या कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, जखम असेल तर तेच औषध जखम भरू देत नाही, उलट खोल करतं.

शिरीषदादा, तुमच्या आजीचं कोमट पाणी बरोबर आहे, चिपडं पुसायला ते चालतं. गुलाबपाणी नको. आणि वाड्यातल्या मांजरांचे डोळे बहुधा दोन्ही येत असतील, सोबत शिंका असतील, पण मांजर डोळे उघडं ठेवून हिंडत असेल. ते साधं डोळे येणं. चिकूला त्रास एकाच डोळ्याला आहे आणि तो डोळा घट्ट मिटून घेतोय. मिटून घेणं म्हणजे दुखणं. डोळा लाल असून उघडा असेल तर मी एक दिवस थांबते. मिटलेला असेल तर त्याच दिवशी बघते.

कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. वरचा थर खरचटला तर साध्या अँटिबायोटिकवर तो साधारण आठवड्याच्या आत भरून येतो. पण त्यात जंतू शिरले की त्यांचे आणि शरीराचे स्वतःचे रस मिळून कॉर्निया विरघळवायला लागतात. मग एक-दोन दिवसांत डोळा फुटूही शकतो. म्हणून सोमवार फार लांब आहे.

मृणाल, कॉलवर दोन गोष्टी बघ. बुबुळावर कुठे करडा, ढगाळ डाग दिसतो का? आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का? दुखऱ्या डोळ्याची बाहुली बारीक झाली असेल तर आत सूज पोचलीय असं समज. आणि बाबांना सांग, दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल चुकूनही द्यायचं नाही, मांजर त्याने मरतं.

नाशिकमध्ये रात्री नऊपर्यंत उघडे दवाखाने सापडतील. फोनवर एकच प्रश्न विचारा: फ्लुरेसीनची पट्टी आहे का? तिच्या रंगाने कॉर्नियाची जखम हिरवी दिसते. नसेल तर पुढचा दवाखाना.

वसुधा

---

प्रेषक: अनघा
शुक्रवार, सकाळी ९.१५

मृणाल, तुझ्या आईचं गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना? मांजराचं इन्फेक्शन आईच्या डोळ्याला लागेल, त्याला आधी घराबाहेर ठेवा. आमच्याकडे साथीत सगळ्या घराला लागलं होतं.

---

प्रेषक: केदार
शुक्रवार, सकाळी ९.४०

आमच्या पर्शियन मांजरीचे डोळे बारा महिने वाहतात. व्हेट म्हणाली चपट्या नाकामुळे होतं, पुसत राहा. आता उजव्या बुबुळावर एक काळपट तपकिरी ठिपका आलाय, कचरा वाटतो, कापसाने निघत नाही. तुमच्या चिकूलाही असा ठिपका आहे का?

---

प्रेषक: वसुधा
शुक्रवार, सकाळी १०.०५

केदार, तो कचरा नाही, तो कॉर्नियाचाच मेलेला तुकडा असण्याची शक्यता जास्त आहे. पर्शियनमध्ये हे नेहमी दिसतं. कापसाने खरवडू नकोस, या आठवड्यात डोळ्यांच्या व्हेटकडे ने. कधी तो आपोआप गळून पडतो, कधी कापून काढावा लागतो. किती खोल आहे त्यावर आहे.

अनघा, माणसांचे डोळे आणणारी साथ वेगळी. मांजरांत डोळ्यांचं सगळ्यात जास्त दुखणं आणतो तो त्यांचा नागीण गटातला विषाणू, तो माणसाला होत नाही. मांजराचा क्लॅमायडिया हा जंतू क्वचित माणसाला लागू शकतो, म्हणून थेंब बाबांनीच घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि आईने ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावू नये. एवढं पुरे. घराबाहेर काढलं तर औषध कोण घालणार?

---

प्रेषक: मृणाल
शनिवार, सकाळी ७.२०

वसुधाताई, बाटलीवर मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन, दोन्ही होतं. लगेच बंद केलं.

तीन दवाखान्यांत फोन केल्यावर गंगापूर रोडला एकांकडे पट्टी निघाली. बाबा रात्रीच रिक्षाने घेऊन गेले. आधी भुलीचा थेंब टाकला, तर चिकूने पहिल्यांदा डोळा पूर्ण उघडला. पापणीखाली, पडद्यामागे कुसळ अडकलंय का बघितलं, काही नव्हतं. मग नारिंगी पट्टी सलाईनने ओली करून टेकवली, धुऊन काढलं, दिवे बंद करून निळा प्रकाश टाकला. बाबांनी फोटो पाठवलाय: बुबुळाच्या खालच्या भागात मसूरभर हिरवागार डाग चमकतोय. कडा मात्र स्वच्छ नाही, दुधावरच्या ओल्या सायीसारखी लिबलिबीत आहे. डॉक्टर म्हणाले, विरघळायला सुरुवात झालीय.

त्यांनी चिकूचंच रक्त काढून त्याचा सिरम, म्हणजे गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग, बाटलीत भरून दिला. दर दोन तासांनी तो, दर दोन तासांनी अँटिबायोटिक, दिवसातून दोनदा अ‍ॅट्रोपिन, आणि गळ्यात कॉलर. बाबा विचारतात, रक्ताचे थेंब डोळ्यात घालायचे हे खरंच औषध आहे का? आणि अ‍ॅट्रोपिन घातल्यावर तोंडाला फेस आला, आई रडायला लागली.

---

प्रेषक: वसुधा
शनिवार, सकाळी ७.५५

डॉक्टर जाणते आहेत. कॉर्निया विरघळवणाऱ्या रसांना अडवणारे घटक रक्ताच्या सिरममध्ये असतात, म्हणून तो घालतात. त्यात जंतुनाशक काहीच नाही, तेव्हा तो फ्रीजमध्येच ठेवायचा आणि बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. फेसाचं कारण चव. अ‍ॅट्रोपिन कडूजहर असतं आणि डोळ्यातून नाकावाटे घशात उतरतं. ते डोळ्याच्या आतल्या स्नायूची कळ थांबवतं. बाहुली काही दिवस मोठी राहील, म्हणून खोलीत उजेड कमी ठेवा.

बाबांना सांग: टॉवेलात गुंडाळून मांजराला मांडीवर पाठमोरं घ्यायचं, हनुवटी वर करायची, हात कपाळामागून आणायचा. समोरून बाटली आली की ते डोळा मिटतं. एका वेळी एकच थेंब, दोन औषधांत पाच मिनिटं. मलम दिलं असेल तर ते सगळ्यात शेवटी.

आता धोक्याची खूण. डागाच्या मधला भाग अचानक काचेसारखा स्वच्छ, काळा दिसायला लागला तर बरा झाला असं समजू नका. वरचे थर गेले आणि शेवटचा पातळ पडदा उरला, असा त्याचा अर्थ. त्याला हिरवा रंगही चढत नाही, हिरवं फक्त भोवतालचं कडं दिसतं. किंवा भसकन पाणी येऊन डोळा बारीक झाला, तर तो फुटलाय. अशा वेळी नाशिकमध्ये वेळ न घालवता कसारा घाट उतरून परळला, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या बाई साकरबाई रुग्णालयात. जवळजवळ १७० किलोमीटर आहे, म्हणून निघण्याआधी फोन करून डोळ्याची शस्त्रक्रिया करणारे आहेत का ते विचारा.

---

प्रेषक: शिरीष
शनिवार, सकाळी ९.३०

वसुधाताई, मान्य, पण डोळ्याला एवढं सगळं म्हणजे आमच्या काळात... असो. मग आत्ताच परळला का नाही न्यायचं? गाडी मी ठरवून देतो, माझा भाचा नाशिक रोडला असतो.

---

प्रेषक: वसुधा
शनिवार, सकाळी ९.५०

शिरीषदादा, भाच्याला तयार राहायला जरूर सांगा. मीही दोन्ही बाजूंनी विचार करतेय. चार-पाच तास गाडीत म्हणजे थेंब चुकणार, आणि मांजर पिंजऱ्यात डोकं घासणार. डाग अर्ध्या जाडीपेक्षा खोल असेल तर तरीही न्यावं. ते फोटोवरून मला ठरवता येत नाही, तपासणाऱ्यानेच सांगायचं. उद्या पुन्हा दाखवा आणि हाच प्रश्न विचारा.

---

प्रेषक: मृणाल
बुधवार, सकाळी ७.४०

डॉक्टरांनी रविवारी खास दवाखाना उघडून बघितलं: खोली वाढलेली नाही, परळची घाई नको. आज पुन्हा पट्टी लावली. कड घट्ट झालीय, हिरवा डाग निम्म्यावर आलाय. डोळा तो बराच वेळ उघडा ठेवतो. पण बुबुळाच्या कडेकडून लाल बारीक शिरा डागाकडे सरकताना दिसतात, आई म्हणते पुन्हा चिघळलं.

शिवाय डॉक्टर म्हणाले, सुरुवात बोक्याच्या नखाने झाली की जुन्या विषाणूने, सांगता येत नाही. लहानपणी चिकूला जबर सर्दी झाली होती.

---

प्रेषक: वसुधा
बुधवार, सकाळी ८.०५

शिरा येतायत हे चांगलं आहे, जखम भरायला रक्त पोचतंय. बरं झाल्यावर त्या विरतात, मागे फिकट पांढरा डाग राहू शकतो. विषाणूचं म्हणशील तर तो एकदा शिरला की अंगात दबून राहतो, आणि स्टिरॉइडने किंवा ताणाने वर येतो. झाडाच्या फांद्यांसारखा डाग दिसला असता तर मी खात्रीने सांगितलं असतं, आता नाही. पुन्हा कधी तोच डोळा मिटला तर डॉक्टरांना या शंकेची आठवण करून द्या. विषाणूवरची गोळी त्यांनाच ठरवू दे. माणसांची अ‍ॅसिक्लोव्हिरची गोळी मात्र मांजराला विषारी, बाबा मेडिकलमध्ये जाण्याआधीच सांगून ठेव.

पट्टी पूर्ण कोरी येईपर्यंत कॉलर काढायची नाही. डोळा उघडला म्हणून औषधही थांबवायचं नाही.

---

प्रेषक: मृणाल
बुधवार, सकाळी ८.२०

ठीक. पुढची तपासणी शनिवारी आहे. प्लास्टिकच्या कॉलरने तो ताटलीत तोंड घालू शकत नाही, आई हाताने भरवतेय. इथली मऊ कॉलर घेऊन ठेवलीय. या आठवड्यात मुंबई किंवा नाशिकला कोणी निघतंय का? सामानात जेमतेम एक पाव किलो होईल.