मदत हवी आहे: नोटीस पिरियडचे 30 वर्किंग डे मोजायचे कसे? ऑफिसची तारीख वेगळी, माझी वेगळी

रत्नागिरीची_पोर
मी रत्नागिरीजवळ एका मासळी प्रोसेसिंगच्या कंपनीत अकाउंट्सला आहे. 13 ऑगस्ट 2025 ला, बुधवारी संध्याकाळी राजीनाम्याचा मेल टाकला. अपॉइंटमेंट लेटरमध्ये सरळ लिहिलंय की नोटीस 30 वर्किंग डेजची, मेल मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, वीकली ऑफ आणि कंपनीच्या सुट्ट्या सोडून. आमचा वीकली ऑफ फक्त रविवार, शनिवारी पूर्ण दिवस काम असतं.

आता ऑफिसने कळवलंय की लास्ट वर्किंग डे 30 सप्टेंबर. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने मोजलं तर 22 येतंय. आणि गोव्याच्या नवीन नोकरीत मला 22 लाच, घटस्थापनेच्या दिवशी जॉइन व्हायचंय, तिथे शब्द दिलाय. कंपनीच्या लिस्टमधल्या सुट्ट्या म्हणजे 15 ऑगस्ट, 27 ऑगस्ट गणेश चतुर्थी आणि 2 सप्टेंबर गौरीगणपती विसर्जन, शिवाय 28 ऑगस्टलाही कंपनी बंद होती. नक्की कोण चुकतंय ते सांगा प्लीज, चार दिवस झाले डोकं चालत नाहीये.

लांजेकर
ताई 30 दिवस म्हणजे 30 दिवस, 14 ऑगस्टपासून धरलं तर 12 सप्टेंबरला विषय संपला. मी मागच्या वर्षी सोडलं तेव्हा असंच झालं, रविवार बिविवार काही वगळले नव्हते, उलट त्यांनीच रिलिव्हिंग लेटर वेळेवर दिलं.

रत्नागिरीची_पोर
दादा तुमच्या लेटरमध्ये काय शब्द होता? माझ्यात वर्किंग डेज आहे.

लांजेकर
बघितलं आत्ता, 'एक महिना' लिहिलंय. मग माझी केस वेगळी, तुमच्यात रविवार मोजता येणार नाहीत.

हर्णे_बंदर
मेल टाकला तो दिवसही धरायचा. 13 तारीख पहिला दिवस, म्हणजे तुमच्या 22 च्या ऐवजी 20 सप्टेंबर शनिवार येतो (21 ला रविवार आहे). 22 ला जॉइन व्हा बिनधास्त.

जुना_टाइमकीपर
लोट्याच्या एमआयडीसीत टाइम ऑफिसला बरीच वर्षं काढली, हजेरीची मस्टरं हातानेच भरायचो, म्हणून लिहितोय.

आधी ऑफिसची 30 सप्टेंबर कुठून आली ते बघू. कोणीतरी एक्सेलमध्ये साधं WORKDAY फंक्शन वापरलंय. ते न सांगता शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरतं. तुमच्या सुट्ट्या टाकून तसं करून बघितलं तर बरोब्बर 30 सप्टेंबरच येतं, म्हणजे चूक तीच आहे, तुम्हाला मुद्दाम अडवायचा हेतू असेलच असं नाही. रविवार एकटाच सुट्टी असेल तर .INTL वालं फंक्शन घ्यायचं आणि तिसऱ्या जागी 11 लिहायचं, 11 म्हणजे फक्त रविवार. D2 ते D5 मध्ये चार सुट्ट्या लिहा.

```
=WORKDAY.INTL(DATE(2025,8,13),30,11,D2:D5)
```

हे 22 सप्टेंबर देईल, तुमच्या पेन्सिलीशी जुळतं. इथे 13 तारीखच टाकायची, कारण हे फंक्शन सुरुवातीचा दिवस मोजत नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजतं. 14 टाकलीत तर एक दिवस पुढे जाल. आणि सुट्ट्या लिहिल्यावर सेल 2-Sep-2025 अशा फॉरमॅटमध्ये उघडून बघा. काही कॉम्प्युटरवर महिना आधी असतो, तिथे 02-09 लिहिलं की त्याचं 9 फेब्रुवारी होतं, एरर येत नाही, फक्त ती सुट्टी वगळली जात नाही आणि उत्तर एक दिवस आधीचं येतं.

आता माझा प्रश्न. 28 ऑगस्टला कंपनी बंद होती म्हणताय पण ती लिस्टमधली सुट्टी नाही, मग ती कशी दिली? गणपतीला आपल्याकडे बहुतेक कारखाने बदली सुट्टी देतात.

रत्नागिरीची_पोर
हो हो, बदलीच होती! नोटीस बोर्डवर लागलेलं, रविवार 24 ऑगस्ट कंपनी चालू, त्या बदल्यात गुरुवार 28 बंद. मी 24 ला गेले होते, पंचिंग आहे माझं.

जुना_टाइमकीपर
मग इथेच तुमचा दिवस हरवलाय. 28 तुम्ही सुट्टी म्हणून वगळलात ते बरोबर, पण 24 चा रविवार त्या आठवड्यात वीकली ऑफ राहिलाच नाही, तो कामाचा दिवस झाला, आणि तो तुम्ही मोजला नाहीत. बदलीची एकच बाजू धरली. फॉर्म्युल्यालाही हे कळत नाही, सुट्टी वाढवायची सोय त्यात आहे पण ऑफचा दिवस चालू करायची नाही. म्हणून तो हाताने मिळवायचा.

26 ऑगस्टपर्यंत तुमचे 10 दिवस होत होते, 24 धरल्यावर 11 होतात. 30 ऑगस्टला 13, 1 सप्टेंबरला 14, 2 ला सुट्टी, 6 ला 18, 13 ला 24, आणि 20 सप्टेंबर शनिवारी 30 पूर्ण. उलट बाजूने ताळा असा, हे फंक्शन दोन्ही टोकं मोजतं म्हणून इथे 14 टाकायची:

```
=NETWORKDAYS.INTL(DATE(2025,8,14),DATE(2025,9,20),11,D2:D5)+1
```

शेवटचा 1 म्हणजे तो 24 चा रविवार. उत्तर 30 यायला हवं.

हर्णेवाले, तुमची तारीख बरोबर निघाली पण वाट चुकली. लेटरमध्ये दुसऱ्या दिवसापासून लिहिलंय, 13 धरता येत नाही. 13 पण धरली आणि रविवार पण धरला तर 19 येईल आणि ऑफिस तुमचा सगळाच हिशोब खोटा ठरवेल.

हर्णे_बंदर
मान्य. लेटरमधलं 'दुसऱ्या दिवसापासून' मी वाचलंच नव्हतं.

रत्नागिरीची_पोर
काका खूप खूप आभार, हातावर मोजून बघितलं, 20 च येतंय. पण एक राहिलं सांगायचं, 1 सप्टेंबरला गौरीपूजनासाठी मी एक दिवस रजा घेतली होती, मंजूर झालेली. ती मोजायची का?

मालवणी_सुरमई
रजा घेतली की नोटीस तेवढी पुढे जाते, आमच्या हॉटेलात तर अर्ध्या दिवसाची रजा पण पुढे ढकलतात.

जुना_टाइमकीपर
सगळीकडे तसं नसतं. वर्किंग डे म्हणजे कंपनी ज्या दिवशी चालू होती तो दिवस, तुम्ही हजर होतात का हा वेगळा प्रश्न. पण नोटीसमध्ये घेतलेली रजा वाढवून घेऊ असं कलम लेटरमध्ये किंवा सर्व्हिस रूल्समध्ये असेल तर मात्र ती धरत नाहीत, आणि मग तुम्ही परत 22 वर. ते वाचल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही.

रत्नागिरीची_पोर
रूल्सची फाइल मिळवली. त्यात 'विनापरवानगी गैरहजेरी नोटीसमध्ये धरली जाणार नाही' एवढंच आहे, मंजूर रजेबद्दल एक शब्द नाही. आज ऑफिसला मेल केला, सोबत सुट्ट्यांची लिस्ट, 24 ऑगस्टच्या नोटिशीचा फोटो, माझं पंचिंग आणि तारखावार 1 ते 30 आकडे टाकलेलं कॅलेंडर जोडलं. 30 सप्टेंबर चुकलं हे त्यांनी फोनवर मान्य केलं, 24 चा रविवार पण मान्य. रजेचं साहेबांना विचारून सोमवारी सांगतो म्हणाले. गोव्याच्या ऑफिसला पण कळवून ठेवलंय की कदाचित 23 ला जॉइन होईन. सोमवारी काय म्हणतात ते इथेच लिहिते.