मदत हवी आहे: वजन उतरलं, तरी झोपेतले श्वास थांबण्याचे आकडे वाढले. असं कसं?

शरयू_पौडरोड

नवऱ्याला (वय 49) स्लीप ॲप्निया आहे. गेल्या वर्षी घरी मशीन आणून टेस्ट केली तेव्हा एएचआय 28 आला, म्हणजे तासाला सरासरी 28 वेळा श्वास थांबत किंवा अडत होता. डॉक्टरांनी सीपॅप सांगितलं, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. भाड्यानं आणलंही, पण मास्क त्याला अजिबात सोसत नाही. मध्यरात्री काढून उशाशी ठेवतो. सकाळी मी बघते तर मशीन एकटंच फुसफुसत असतं.

मग त्यानं वजनाचं मनावर घेतलं. रोज सकाळी वेताळ टेकडी, रात्रीचा भात बंद, शनिवारची बिअर बंद. 92 चा 83 किलो झाला. मला वाटलं, आता सुटलो. परवा पुन्हा टेस्ट केली, तर एएचआय 30! बिचारा इतका खट्टू झालाय की "मग भात तरी खातो" म्हणतोय.

उताणा झोपला की त्रास जास्त होतो हे मला कानांनीच कळतं. घोरणं चढत जातं, एकदम शांतता, मग हिसका देऊन श्वास. कुशीवर वळवलं की बरंच निवळतं. माझे प्रश्न दोन: वजन उतरून काहीच उपयोग होत नाही का? आणि कुशीवर झोपवण्याच्या युक्त्यांवर भागेल का, की मशीनच लागेल?

अण्णा_सदाशिव

शरयूताई, 9 किलो कमीच पडले. आणखी 10 उतरवायला सांगा, घोरणं आपोआप बंद होईल. माझ्या मेव्हण्याचं झालं. तोवर डोक्याखाली दोन जाड उशा द्या, घसा मोकळा राहतो.

रात्रपाळी

मी स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. ताई, दोन्ही रिपोर्टांत स्थितीनुसार आकडे असतील. 'सुपाइन' आणि 'नॉन-सुपाइन' अशा ओळी शोधा, आणि त्या-त्या स्थितीत किती वेळ गेला तेही लिहा. एकट्या एएचआयवरून काही सांगता येणार नाही.

अण्णा, दोन जाड उशांनी मान पुढे वाकते, हनुवटी छातीकडे जाते आणि घसा उलट चेमटतो. चढ द्यायचा तर कमरेपासून वरचं सगळं अंग उचललं जायला हवं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या तरी चालतं. त्यानं काहींना थोडा फरक पडतो, पण तेवढ्यावर विसंबू नका.

वऱ्हाडी_पुण्यात

माझंही घोरणं भयंकर होतं. नाकाचं हाड वाकडं निघालं, ऑपरेशन केलं, आता बायको त्याच खोलीत झोपते. नाक दाखवलंत का? अनुलोम-विलोमही सुरू करा.

शरयू_पौडरोड

नाक दाखवलं, ठीक आहे. आणि प्रश्न नुसत्या घोरण्याचा नाही हो, श्वास थांबतो त्याचा आहे.

@रात्रपाळी, सापडलं. दोन्ही वेळा साधारण 6 तासांची नोंद आहे.
पहिली टेस्ट: पाठीवर 2 तास, एएचआय 48. कुशीवर 4 तास, 18.
दुसरी टेस्ट: पाठीवर साडेचार तास, एएचआय 38. कुशीवर दीड तास, 6.

रात्रपाळी

मग भात परत सुरू करायची गरज नाही!

दोन्ही स्थितींत सुधारणा आहे बघा. पाठीवर 48 चे 38, कुशीवर 18 चे 6. एकूण आकडा वाढला, कारण या वेळी तो बहुतेक रात्र उताणा होता. पहिल्या रात्री पाठीवर 96 आणि कुशीवर 72, मिळून 168 वेळा. भागिले 6 म्हणजे 28. दुसऱ्या रात्री 171 आणि 9, मिळून 180, म्हणजे 30. आता समजा दुसऱ्या रात्रीही तो पहिल्यासारखाच 2 तास पाठीवर आणि 4 तास कुशीवर झोपला असता, तर 76 आणि 24, मिळून 100. एएचआय 17 च्या आसपास आला असता.

टेस्टच्या रात्री लोक उताणेच जास्त पडतात. छातीचा पट्टा, बोटाची क्लिप, नाकातली नळी, काही निघेल या भीतीनं हलत नाहीत. खांदा दुखत असेल तरी तेच. विचारून बघा.

वजनाचा फायदा कुशीवर जास्त दिसणं नेहमीचं आहे. चरबी जिभेतही असते आणि घशाच्या बाजूच्या भिंतींतही. ती उतरली की बाजूनं येणारा दाब कमी होतो. उताणं झाल्यावर जीभ आणि मऊ टाळू मागे ओघळतात ते मात्र गुरुत्वाकर्षणामुळे, आणि जबडा मुळात लहान असेल तर तो काही टेकडी चढून बदलत नाही. अण्णांचं निम्मं बरोबर आहे: एका मोठ्या अमेरिकन पाहणीत 10 टक्के वजन घटलेल्यांत एएचआय सरासरी पाव हिश्शानं उतरला होता. पण "आपोआप बंद" होईलच असं नाही. बऱ्याच जणांचा सगळ्या स्थितींतला आजार वजन उतरल्यावर फक्त पाठीवरचा उरतो. तुमच्या नवऱ्याचं तिकडेच चाललेलं दिसतंय.

अण्णा_सदाशिव

मेव्हण्याचं वजन 110 होतं, हे सांगायचं राहिलं.

शरयू_पौडरोड

खांदा! डावा खांदा गेले दोन-तीन महिने धरलाय. फ्रोजन शोल्डर म्हणाले. त्या कुशीवर टेकतच नाही.

म्हणजे मशीन परत करू? टी-शर्टच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालायचा, असं वाचलंय. खालच्या अल्टरेशनवाल्याकडून शिवून घेईन.

रात्रपाळी

मशीन अजून परत करू नका. दोन कारणं आहेत. एक म्हणजे कुशीवरचे 6 फक्त दीड तासाचे आहेत. स्वप्नांच्या झोपेत घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात आणि ती झोप पहाटेकडे जास्त येते. तो दीड तास रात्रीच्या सुरुवातीचा असेल तर आकडा फसवा असू शकतो, आणि घरच्या साध्या टेस्टमध्ये मेंदूच्या तारा नसल्यानं कुठली झोप होती तेही कळत नाही. दुसरं, पाठीवरचे 38 जोरदारच आहेत. पाठीवर असताना ऑक्सिजन किती खाली गेला ते डॉक्टरांना विचारा.

चेंडू करून बघा. खिसा दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये, घट्ट बसणाऱ्या टी-शर्टला. ढगळ असेल तर चेंडू बगलेकडे सरकतो आणि साहेब उताणे होतात. बरेच लोक काही आठवड्यांत कंटाळून तो काढून टाकतात, काही चेंडूवरच गाढ झोपतात. पाठीवर वळलं की थरथरणारे छोटे पट्टेही मिळतात, ते जास्त टिकतात, पण महाग पडतात. काहीही वापरा, तेच घालून पुन्हा टेस्ट करा आणि तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. घोरणं कमी झालं याचा अर्थ श्वास थांबणं गेलं असा धरू नका.

खांदा बरा होईपर्यंत उजव्या कुशीवर, पुढे एक लांब उशी मिठीत घेऊन, डावा हात तिच्यावर. नाहीतर तो हात लोंबतो, दुखतो, आणि पुन्हा पाठ.

वऱ्हाडी_पुण्यात

दिवसा झोप येते का त्यांना? माझा एक मित्र एक्सप्रेसवेवर डुलकी लागून थोडक्यात वाचला.

शरयू_पौडरोड

येते. दुपारच्या मीटिंगमध्ये मान पडते म्हणतो. आठवड्यातून एकदा मुंबईला जातो, गाडी स्वतः चालवत.

रात्रपाळी

मग टेस्टचा निकाल येईपर्यंत शिवनेरीनं जायला सांगा. आणि मास्क का सोसत नाही ते मशीनवाल्यांना विचाराच. पूर्ण चेहऱ्याचा दिला असेल तर नाकापुरता छोटा मागून बघा. पाठीवर दाब जास्त लागतो, कुशीवर कमी. मशीन आपोआप दाब बदलणारं असेल तर चेंडू आणि मशीन एकत्र वापरल्यावर कदाचित चालूनही जाईल.

शरयू_पौडरोड

मास्क पूर्ण चेहऱ्याचाच आहे. मशीन दाब बदलणारं आहे का ते त्यावर कुठे लिहिलेलं असतं?